रीड रिसीट नाकारणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतं का?

हिंगणा_फॅब
आमचं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. स्टील महागलं म्हणून एका मोठ्या ग्राहक कंपनीला सुधारित दरपत्रक मेल केलं. आउटलुकमध्ये डिलिव्हरी रिसीट आणि रीड रिसीट, दोन्हींवर टिक केली होती. परचेस मॅनेजरच्या ऑफिसच्या पत्त्यावरून `Delivered:` आलं, वाचल्याचं काहीच नाही. त्यांच्या खाजगी जीमेलवर प्रत टाकली होती, तिचं `Relayed:` आलं. अकाउंट्सच्या मॅडमकडून तर दोन आठवड्यांनी `Not read:` आलं. आता कंपनी म्हणते, मेल पाहिलाच नाही, जुन्याच दराने बिल लावा. माझं मत असं की वाचल्याची पोच द्यायला जो नाही म्हणतो त्याला काहीतरी लपवायचं असतं. धंद्याच्या मेलवर रीड रिसीट सक्तीची पाहिजे. पटतं का?

इतवारी_कापड
शंभर टक्के पटतं. आमचे वडील नोटिसा रजिस्टर एडीने पाठवायचे. समोरच्याने पाकीट घेतलं नाही तर पोस्टमन त्यावर 'नाकारले' असा शेरा मारून परत आणायचा, आणि कोर्टात तो शेरा म्हणजे पोचल्यासारखंच धरलं जायचं. रीड रिसीटला 'नो' दाबणं म्हणजे पाकीट नाकारणंच झालं. तुमच्याकडे `Delivered:` आहे ना? मग काहून घाबरता भाऊ, जिंकलात तुम्ही.

सर्व्हररूम_प्रतापनगर
पोस्टाच्या गोष्टीत एक माणूस गायब आहे. तो शेरा पोस्टमन मारतो, म्हणजे तिसरा माणूस. 'नो' दाबल्यावर इथे कुठेच शेरा उमटत नाही. पाठवणाऱ्याला फक्त शांतता मिळते, आणि ती शांतता 'नाकारलं', 'विचारलंच गेलं नाही' आणि 'अजून उघडलं नाही' या तिन्हींसाठी हुबेहूब एकसारखी असते. गंमत म्हणजे रीड रिसीटच्या १९९८च्या मूळ नियमावलीत `denied` असं एक उत्तर होतं, प्राप्तकर्त्याला कळवायचं नाही एवढंच सांगणारं. २००४च्या आवृत्तीत तेही काढून टाकलं. त्यामुळे परचेस मॅनेजरने नकार दिला हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आता तुमच्याकडे आलेल्या तीन उत्तरांकडे बघू. `Delivered:` हे त्यांच्या मेल सर्व्हरने लिहिलेलं आहे, माणसाने नाही. मेल त्या खात्यात पडला एवढंच तो सांगतो. जंक फोल्डरमध्ये पडला तरी `Delivered:` हेच येतं. शिवाय खात्यावर 'अमुक पाठवणाऱ्याचे मेल तमुक फोल्डरमध्ये टाक' असा नियम लावलेला असेल तर तो मेल इनबॉक्समध्ये कधी दिसलाही नसेल.

`Relayed:` त्याहून कच्चं आहे. ते उघडून खालचं वाक्य वाचा, त्यात साधारण असं असेल: `Delivery to these recipients or groups is complete, but no delivery notification was sent by the destination server`. म्हणजे तुमच्या बाजूच्या सर्व्हरने मेल जीमेलच्या दारात दिला, जीमेलने घेतला, पण पोच देण्याची सोयच तिकडे नाही. पुढचं कोणी बघितलेलं नाही. आणि खाजगी जीमेल वाचणाऱ्याला रिसीटबद्दल विचारतच नाही. तिथे 'नो' दाबायला बटणच नसतं, तर नाकारणार काय?

`Not read:` सगळ्यात फसवं. त्याच्यासोबत एक छोटी फाइल येते, तीत अशी ओळ सापडेल:

```
Disposition: automatic-action/MDN-sent-automatically; deleted
```

मॅडमनी काही दाबून हे पाठवलेलं नाही. मेलवर 'न वाचलेला' ही खूण असताना तो डिलीट झाला, म्हणून आपोआप गेलं. एक्स्चेंज, म्हणजे आउटलुकच्या मागचा मेल सर्व्हर, फक्त ती खूण बघतं. बाजूच्या प्रिव्ह्यूच्या खिडकीत अख्खा मेल वाचला, पण तिथे बघितल्यावर खूण बदलायची नाही असं सेटिंग असेल, आणि पुढे इनबॉक्स साफ करताना मेल उडाला, तर 'न वाचता डिलीट' असंच येतं. मॅडमनी त्या दोन आठवड्यांत तुम्हाला काही लिहिलं होतं का, ते शोधा.

महालचा_पिंट्या
निळी टिक बंद करून टाकायची अन् मोकळं व्हायचं. मी बायकोपासून बंद ठेवली होती, ग्रुपात मेसेज वाचला तर तिकडे दिसलंच. ग्रुपात ती बंद होत नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं बाप्पा.

बर्डी_एचआर
पिंट्याभाऊ, इथे ईमेलचं चाललंय.

मी नाकारणाऱ्यांपैकी आहे, आणि माझ्या मनात काळंबेरं नाही. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, ट्रॅकिंग इथे जाऊन 'कधीच पाठवू नका' केलेलं आहे. कारण सांगते. सकाळी बसमध्ये मेल नुसते चाळते, आज डोक्याला ताप कुठून येणार ते बघायला. तेव्हा मी 'हो' दाबलं की समोरच्याच्या हातात वेळ पडते. मग अकरा वाजता फोन: "मॅडम, आठ बाराला वाचलंत, अजून उत्तर नाही?" वाचलं म्हणजे समजलं असं नाही, समजलं म्हणजे निर्णय झाला असंही नाही. पण रिसीट मागणारा हे तिन्ही एकत्र धरतो. आमच्या डायरेक्टरांचे मेल तर त्यांची सेक्रेटरी उघडते. ती 'हो' दाबेल, रिसीटवर नाव डायरेक्टरांचं जाईल, आणि ते त्या दिवशी विमानात असतील.

आणि ओळखपाळख नसलेले लोकही रिसीट मागतात. त्यांना पोच देणं म्हणजे हा पत्ता चालू आहे, इथे माणूस बसतो, असं आपण होऊन कळवणं. एकदा तसं केलं की कचरा वाढतो.

रायपूर_रोड_सेल्स
मॅडम, हे पगारी माणसाला परवडतं. मी महिनाभर कोटेशन पाठवून राहिलो असतो, निम्म्यांकडून ना हो ना नाही. मला तुमची आठ बाराची वेळ नको. मेल स्पॅममध्ये सडून राहिला की कोणाच्या डोळ्यांखालून गेला, एवढंच कळलं तरी मी दुसऱ्यांदा फोन करायचा की नाही ते ठरवतो. त्या एका क्लिकने तुमचं काय जातं? अनोळखी माणसाचं सोडा, पण ज्याच्याकडून तुम्ही माल घेता त्याला तरी द्या.

बर्डी_एचआर
त्याला मी "मिळालं, गुरुवारपर्यंत सांगते" असं लिहून पाठवते. एका ओळीचं काम आहे. त्यात मला काय कबूल आहे ते मी ठरवते, मशीन नाही.

रायपूर_रोड_सेल्स
तुम्ही लिहिता. बाकीचे लिहीत नाहीत, म्हणून तर आम्ही टिक करतो.

वकील_धरमपेठ
दोन्ही बाजू रिसीटला फार वजन देऊन राहिल्या आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम १३ बघा. प्राप्तकर्त्याने मेलसाठी ठरावीक पत्ता नेमून दिला असेल आणि मेल तिथे पोचला, तर तो त्या यंत्रणेत शिरला तीच मिळाल्याची वेळ. वाचला का, हा प्रश्न तिथे येतच नाही. पत्ता नेमलेला असताना मेल दुसऱ्याच पत्त्यावर गेला, तर मात्र त्याने तो काढून घेतला ती वेळ धरतात. हिंगणा_फॅब यांनी आधी पर्चेस ऑर्डर उघडावी. पत्रव्यवहारासाठी कोणता ईमेल छापला आहे? तो मॅनेजरच्या ऑफिसचा असेल तर `Delivered:` उपयोगाचं आहे. खाजगी जीमेलची प्रत बहुधा कामाची नाही.

सक्तीबद्दल सावध करतो. कलम १२ म्हणतं की पोच मिळाली तरच मेल बंधनकारक, अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल, आणि पोच आली नाही, तर मेल कधी पाठवलाच नव्हता असं समजलं जातं. ज्याला तुम्ही अडकवायला निघालात, त्याच्याच हातात चावी जाते. त्याने 'नो' दाबलं की तुमचं दरपत्रक गेलंच नाही. पोचीचा प्रकार ठरलेला नसेल तर मात्र समोरच्याची कोणतीही कृती, जिच्यावरून मेल मिळाल्याचं दिसतं, ती पोच ठरू शकते.

हिंगणा_फॅब
वकीलसाहेब, पीओवर ऑफिसचाच पत्ता आहे. आणि प्रतापनगरवाले म्हणाले तसं शोधलं. `Not read:` येण्याच्या आठवडाभर आधी मॅडमचा नवीन मेल आहे, वेगळ्या विषयाचा, म्हणून माझ्या नजरेतून सुटला. त्यात लिहिलंय: "नवीन दर पुढच्या बिलापासून का चालू डिस्पॅचपासून?" म्हणजे वाचलं होतं! सापडले ना आता!

सर्व्हररूम_प्रतापनगर
म्हणजे `Not read:` धडधडीत खोटं ठरलं. मॅडमनी खोटं बोलण्याचा प्रश्नच नाही, त्यांच्या खात्याने आपोआप चुकीचं सांगितलं. आता तो मेल मूळ स्वरूपात जपून ठेवा, हेडरसकट. फॉरवर्ड किंवा स्क्रीनशॉट नको. रिसीट हा साधा मेलच असतो, त्याच्यावर सही-शिक्का नसतो, कोणीही तसाच बनवू शकतो. मॅडमचा स्वतः लिहिलेला मेल त्याहून भक्कम.

वकील_धरमपेठ
मेल मिळाल्याचं यावरून दाखवता येईल. पण दर मान्य केला असं त्या वाक्यातून निघतं का? मॅडम अकाउंट्सच्या, दर मान्य करायचा अधिकार परचेसचा. शिवाय त्या विचारून राहिल्या आहेत, कबूल करत नाहीत. मिळणं एक, मान्य करणं दुसरं. पीओत दरवाढीचं कलम काय म्हणतं ते बघितल्याशिवाय पुढे बोलणार नाही.

इतवारी_कापड
विचारलं 'कधीपासून' म्हणजे दर मान्य झालाच की! लागू कधी करायचा हे कोण विचारतं?

बर्डी_एचआर
मी विचारते. बॉसकडे फाइल नेण्याआधी सगळे आकडे आणि तारखा लागतात म्हणून. त्याचा अर्थ बॉसने सही केली असा होत नाही.

रायपूर_रोड_सेल्स
भाऊ, मॅडमच्या त्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलंत का?

हिंगणा_फॅब
नाही ना. नजरेतून सुटला म्हटलं ना.

बर्डी_एचआर
तो मेल तुमच्या इनबॉक्समध्ये 'वाचलेला' दिसतोय की 'न वाचलेला'?

हिंगणा_फॅब
वाचलेला.