ऑनलाइन जर्मन शिकवणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

शनिवारपेठी: काल कपाट आवरताना जुनी वही सापडली, माझ्या पहिल्या बी1च्या विद्यार्थिनीची. नगरची नर्स. गोएथेच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं तिन्ही सुटलं, लेखनात मात्र 54. पास व्हायला 60 लागतात. फार रडली होती बिचारी.

वही पुन्हा वाचली आणि माझीच चूक दिसली. लेखनाला तीन प्रश्न, एकूण 60 मिनिटं. मैत्रिणीला पत्र लिहिण्यातच ती 35 मिनिटं घालवायची. शेवटची चाळीस शब्दांची औपचारिक मेल घाईत व्हायची, त्यात बाईंना सरळ 'डू', म्हणजे अगं-तुगं! व्याकरण बरोबर असल्यामुळे मी तिथे लाल खूणच केली नव्हती. नंतर घड्याळ लावून 20-25-15 असा सराव घेतला, आधी मायना पाठ. दुसऱ्यांदा सुटली.

भाकरी_थापतेय: म्हणजे सगळी परीक्षा परत? भाच्याला द्यावी लागली होती.

शनिवारपेठी: भाचा ए2ला होता का? तिथे सगळी परत द्यावी लागते. बी1ला राहिलेला भागच देता येतो.

भाकरी_थापतेय: हो हो, ए2च. कुकर झाला, येते.

मिरजेची_मावशी: माझी मुलगी नववीत आहे, शाळेत जर्मन घेतलंय. डेर-डी-डासने वैतागली आहे. घ्याल का कोणी?

उमलाउट: मावशी, शब्द नेहमी आर्टिकलसकट लिहायला लावा, तीन रंगांत. व्यनि करते.

आणि विद्यार्थ्यांबद्दल म्हणाल तर माझ्याकडे बहुतेक लग्न होऊन जर्मनीला निघालेल्या मुली येतात, एकीची नणंद, दुसरीची जाऊ. पहिल्याच फोनवर विचारते, नवऱ्याकडे ब्लू कार्ड आहे का? असेल तर व्हिसाला ए1चं प्रमाणपत्र लागत नाही. हे सांगितल्यावर काही जणी येत नाहीत, पण त्याच पुढे दोघींना पाठवतात.

रात्रपाळी: फीचं काय करता? मी तासाला 400 घेतो, परवडत नाही.

शनिवारपेठी: पत्रं तपासायचा वेळ धरलाय का? आठवड्याला दोन तास शिकवणी, 800 रुपये. चार पत्रं, प्रत्येकी 20 मिनिटं. म्हणजे काम 3 तास 20 मिनिटं, तासाला पडले 240. मी आता महिन्याला आठ पत्रं फीतच धरते, पुढच्या पत्राचे वेगळे पैसे.

रात्रपाळी: बाप रे, हे कधी मांडलंच नव्हतं. पण वेगळे पैसे म्हटलं की मुलं लिहायचंच सोडतात हो.

उमलाउट: म्हणून मी सहाजणींची बॅच करते. एकीचं पत्र स्क्रीनवर, सगळ्या मिळून दुरुस्त करतात.

शनिवारपेठी: बॅचमध्ये माझी ती नर्स तोंडच उघडायची नाही. तिला एकटीलाच शिकवावं लागलं.

भाकरी_थापतेय: आले. भाचा विचारतोय, बोलण्याच्या परीक्षेला जोडीदार कच्चा निघाला तर?