मदत हवी आहे: इंद्रधनुष्याच्या हिंदी स्क्रिप्टमध्ये ४२ अंशावर अडकलोय

चिकटपट्टी: विज्ञानाच्या व्हिडिओसाठी हिंदीत स्क्रिप्ट लिहितोय. प्रकाश वाकतो ते कवायतीच्या रांगेवरून समजावलंय: रांग तिरकी चिखलात शिरली की आधी शिरलेले मंदावतात आणि रांग वळते. ते जमलं. पण "४२ अंशावरच का दिसतं" याला उपमा सुचत नाहीये. उद्या रेकॉर्डिंग आहे. पटकन सांगा.

पाटीपेन्सिल: किती मिनिटांचा व्हिडिओ? कोणत्या वयाची मुलं? आणि ४२ अंश कशापासून मोजलेले, ते स्क्रिप्टमध्ये आहे का?

चिकटपट्टी: चार मिनिटं. आठवी ते दहावी. कशापासून म्हणजे? जमिनीपासूनच ना.

पाटीपेन्सिल: तिथेच गाडी अडली. सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं की स्वतःच्या डोक्याची सावली जिथे पडते, त्या दिशेपासून ४२ अंश.

त्रिकोणी: एवढं कशाला ताणता? थेंब म्हणजे छोटा प्रिझम. आत पूर्ण परावर्तन होतं, सात रंग बाहेर पडतात, संपलं.

भिंगवाला: पूर्ण नाही होत. पाण्यात त्यासाठी किरण मागच्या पृष्ठभागावर ४८.६ अंशांहून तिरका पडावा लागतो. इंद्रधनुष्याचा किरण साधारण ४० अंशांनी पडतो. बहुतेक प्रकाश मागून निघून जातो, थोडासाच परत फिरतो.

आणि प्रिझमने रंग वेगळे का होतात ते कळतं, ४२ कुठून आले ते कळत नाही. गोल थेंबावर सूर्यकिरण सगळीकडे पडतात. मधोमध पडलेला आल्या वाटेने परत जातो, म्हणजे शून्य अंश. मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर पडला, तर २८ अंशांवर परततो. ०.८ वर ४१.३, ०.८६ वर ४२ च्या किंचित वर, ०.९ वर पुन्हा ४१.५. अगदी कडेला तर १४ वर घसरतो. म्हणजे कोन वाढत जातो, थबकतो आणि मागे फिरतो. जिथे थबकतो तिथे शेजारशेजारच्या किरणांची गर्दी होते, आणि आपल्याला दिसते ती ही गर्दी.

चिकटपट्टी: हे मला कळलं. नववीतल्या पोराला आकडे वाचून दाखवू का?

पाटीपेन्सिल: झोका घ्या. डोळे मिटून झोक्याचे वीस फोटो काढले, तर जास्त फोटोंत तो टोकांजवळच सापडेल, कारण तिथे तो मंदावतो.

भिंगवाला: चांगलंय, पण झोका वेळेत थबकतो. इथे किरण थांबत नाही, आपण थेंबावर सरकत गेलो की परतीचा कोन बदलेनासा होतो. एक वाक्य घाला, नाहीतर मुलं म्हणतील थेंबात प्रकाश थांबतो.

त्रिकोणी: चिखलातली रांग आणि झोका, चार मिनिटांत दोन उपमा? मुलं गोंधळतील. मी असतो तर प्रिझमच ठेवला असता.

मायबोलीतला: मूळ प्रश्न बाजूला ठेवतो. मराठीतले शब्द उचलून हिंदीत घातले नाहीत ना? आपलं पाठ्यपुस्तकातलं "विकिरण" म्हणजे प्रकाश विखुरणं. हिंदीत "विकिरण" म्हणजे थेट रेडिएशन! रंग वेगळे होण्याला आपण "अपस्करण" म्हणतो, हिंदीत "विक्षेपण". आणि "बूँद" स्त्रीलिंगी आहे, थेंबासारखा पुल्लिंगी नाही.

चिकटपट्टी: अरे देवा. माझ्याकडे "हर बूँद अपना रंग भेजता है" असंच आहे.

मायबोलीतला: "भेजती है". आणि "अपना" बरोबर आहे, ते रंगाला लागतं.

गच्चीवरून: आमच्या घरच्या पाइपने फवारा उडवला तर मला जवळजवळ पूर्ण गोल दिसतो. अर्धंच का दाखवता सगळे?

भिंगवाला: खाली जमीन आडवी येते म्हणून. पण त्याचा वेगळा धागा काढा.

चिकटपट्टी: झोका घेतोय. हे बघा:

"झूला किनारे पर धीमा पड़ता है, इसलिए फ़ोटो में ज़्यादातर वहीं मिलता है। बूँद पर बीच से किनारे की तरफ़ चलो, तो लौटती किरण का कोण बढ़ता है, करीब 42 डिग्री पर ठहरता है, फिर घटने लगता है। रोशनी नहीं रुकती, कोण रुकता है।"

भिंगवाला: छान. पुढे जोडा की हा थबकण्याचा कोन रंगागणिक वेगळा असतो: तांबडा ४२ जवळ, जांभळा ४० जवळ, म्हणून तांबडा बाहेर. शिवाय ४२ पेक्षा कमी कोनांवरही प्रकाश येतोच, म्हणून कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ दिसतं. फोटो असेल तर दाखवा, मुलं स्वतः ताडून बघतील.

चिकटपट्टी: फोटो आहे. आत्ता उघडला, खरंच आत उजळ आहे. कधी लक्षच गेलं नव्हतं.

त्रिकोणी: प्रिझमही दाखवा.