मदत हवी आहे: चॅनेलवर वजन टांगलं की पीळ का पडतो?

उद्यमनगरकर: कोल्हापुरात काकांच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये आहे. भिंतीतल्या प्लेटला वेल्ड करून 1 मीटर चॅनेल बाहेर काढलाय. 3 मिमी पत्रा, मध्यरेषेवर मोजून उंची 100, फ्लँज 50. सेंट्रॉइड वेबपासून 12.5 मिमी आत येतो, तिथूनच टोकाला 50 किलो टांगले. तरी टोक जवळपास 3 अंश पिळलं. सेंट्रॉइडमधून लोड गेल्यावर पीळ पडायला नको ना?

नटबोल्ट: सेंट्रॉइड सोड भावा, बरोब्बर वेबवर टांग. शिअर सगळा वेबच घेतो.

पर्लिनवाला: आमच्या शेडचे सी-पर्लिनही असेच कलंडतात. सॅग रॉड टाका.

उद्यमनगरकर: रॉड बांधायला दुसरा पर्लिनच नाही इथं. वेबला भोक पाडून टांगलं, तर पीळ दीडेक अंशावर आला. गेला मात्र नाही.

जुना डिझायनर: नटबोल्ट अर्धं बरोबर. उभा शिअर वेबच घेतो, पण फ्लँज रिकामे बसत नाहीत. वरच्या फ्लँजमधला ताण भिंतीकडे वाढत जातो. ही वाढ वेबकडूनच येते, त्यामुळं फ्लँजमध्ये आडवा शिअर वाहतो. खालच्यात उलट दिशेनं. दोघांची जोडी सेक्शनला पिळते.

तुमचाच हिशेब बघा. I भरतो 10,00,000 मिमी⁴. लोड 500 न्यूटन धरला तर प्रत्येक फ्लँजमधलं बल 93.75 न्यूटन. गुणिले 100 मिमी, म्हणजे 9375 न्यूटन-मिमी. हा मोमेंट फेडायला 500 न्यूटन वेबपासून 18.75 मिमीवर हवेत, तेही फ्लँजच्या उलट बाजूला, पाठीमागं हवेत. तेच शिअर सेंटर. जाडी सगळीकडे सारखी असेल तर `e = 3b²/(h + 6b)` हेच देतं.

सेंट्रॉइडपासून ते 31.25 मिमी लांब, वेबपासून 18.75. म्हणून वेबवर आणल्यावर पीळ कमी झाला, गेला नाही. भिंतीकडचं टोक घट्ट वेल्ड आहे म्हणून 3 अंशांवर भागलं. तिथं वार्पिंग, म्हणजे पिळताना फ्लँजचं लांबीच्या दिशेनं मागंपुढं सरकणं, मोकळं असतं तर दुप्पट झाला असता.

उद्यमनगरकर: पण तिथं तर लोखंडच नाही! हवेत टांगू?

जुना डिझायनर: टोकाला वेबच्या पाठीवर अँगलचा तुकडा वेल्ड करा आणि त्यात लांबट खाच ठेवा. पाठीच्या पृष्ठभागापासून 17 मिमीच्या आसपास जागा येईल, निम्मी जाडी वजा होते म्हणून. वरच्या फ्लँजवर आडवी लेव्हल ठेवून हूक सरकवत जा, बुडबुडा मध्ये आला की थांबा. खाच किती वर-खाली आहे यानं फरक पडत नाही, लोडची उभी रेषा तेवढी तिथून जायला हवी. वाऱ्यानं आडवा लोड आला तर तो वेगळा विषय.

उद्यमनगरकर: केलं. बुडबुडा 20 वर मध्ये आला, 17 वर नाही. वाकवलेल्या कोपऱ्यांच्या गोलाईमुळं?

नटबोल्ट: लोडनं अँगल वाकला असेल.

जुना डिझायनर: अँगल वाकला तर फ्लँजवरची लेव्हल कशी हलेल? वजन काढल्यावर बुडबुडा मध्ये होता का, ते आधी बघा.

उद्यमनगरकर: ते बघितलंच नाही. उद्या सांगतो.