शब्दचर्चा: चार्ज कपॅसिटरच्या मॉडेलमधल्या 4/s ला ‘सोर्स’ का म्हणतात?

अभि_थर्डसेम: सीरिज आरसी सर्किट आहे, R १० किलोओहम, C १०० मायक्रोफॅरड, स्टेप १० व्होल्टची, आणि कपॅसिटर आधीच ४ व्होल्टला चार्ज झालेला. नोट्समध्ये कपॅसिटरच्या जागी 1/(sC) आणि त्याच्या सीरिजमध्ये 4/s असा ‘सोर्स’ काढलाय. सोर्स म्हणजे बाहेरून जोडलेली बॅटरी ना, इथे तर तसं काहीच जोडलेलं नाहीये, मग हा शब्द कशाला? दुसरं म्हणजे माझं उत्तर 6 − 6e^(−t) येतंय, छापलंय 10 − 6e^(−t).

विनू_डिप्लोमा: अरे सोर्स वगैरे काही नसतं रे. १० मधून ४ वजा कर, कपॅसिटर रिकामा समज आणि सोडव, आम्ही असंच करायचो आणि करंट बरोब्बर यायचा.

सर्किटवाली: विनूदादा, करंटपुरतं बरोबर आहे पण अभि नेमका तिथेच अडकलाय. अभि, कपॅसिटरचं समीकरण s मध्ये नेलं की I = sC·V − C·v(0) मिळतं, ते उलटवून V = I/(sC) + v(0)/s, म्हणजे एका कपॅसिटरचे कागदावर दोन तुकडे होतात. लूप फिरून ये:

```
I  = (10/s − 4/s) / (R + 1/(sC)) = (6/R) / (s + 1)
Vc = I/(sC) + 4/s
   = 6/(s(s+1)) + 4/s
   = 10/s − 6/(s+1)
```

RC इथे १ सेकंद येतो म्हणून s + 1. करंट ०.६ मिलिअँपिअरपासून सुरू होऊन उतरत जातो. तू Vc काढताना फक्त 1/(sC) वरचं व्होल्टेज घेतलंस आणि 4/s सोडून दिलंस. खऱ्या कपॅसिटरची दोन टोकं म्हणजे दोन्ही तुकड्यांच्या बाहेरची टोकं, मधला जोड फक्त चित्रात असतो, तिथे मीटरची पिन लावताच येत नाही. उत्तर आल्यावर t = 0 टाकून बघायचं, तुझं शून्य येतंय आणि कपॅसिटर तर ४ वर होता, तिथेच कळतं.

मीटरवाले_काका: माझ्याकडे पण असंच होतंय. १ मेगओहम आणि १ मायक्रोफॅरड, सप्लाय १० व्होल्ट, कितीही थांबलो तरी कपॅसिटरवर ९.१ च्या पुढे जात नाही. हे इनिशियल व्होल्टेजमुळेच का?

सर्किटवाली: नाही काका, सुरुवातीच्या व्होल्टेजचा परिणाम e च्या पदाबरोबर विरून जातो, शेवटच्या आकड्यात तो राहत नाही. तुमच्या मीटरचा रेझिस्टन्स १० मेगओहम असणार, तो कपॅसिटरला पॅरलल बसतो आणि १० चे अकरा भाग करून दहा भाग दाखवतो, म्हणजे ९.०९. पण तुमच्या केसमध्ये दुसरं मॉडेल सोयीचं आहे, 1/(sC) ला पॅरलल C·v(0) चा करंट सोर्स, बाण कपॅसिटरच्या प्लस टोकाकडे जाणारा. तिथे नोडचं व्होल्टेज हेच कपॅसिटरचं व्होल्टेज, तुकडा सुटायची भीती नाही. अभि, तूही नोडलने करून बघ.

अभि_थर्डसेम: हो आलं ताई, 10 − 6e^(−t). पण C·v(0) मध्ये खाली s नाहीये, मग तो स्टेप नाही, इम्पल्स झाला ना?

सर्किटवाली: हो, इम्पल्सच. t = 0 ला एका झटक्यात C·v(0) एवढा चार्ज रिकाम्या कपॅसिटरवर टाकतो आणि नंतर त्याचं काम संपतं.

विनू_डिप्लोमा: बघा म्हणजे सोर्स हे नावच चुकीचं. सोर्स एनर्जी देतो, आणि इथे करंट 4/s च्या प्लसमध्ये शिरतोय, म्हणजे हा उलट घेतोय.

सर्किटवाली: चार्ज होणारी बॅटरी पण घेतेच की दादा. आणि हिशेब लावून बघा, ४ व्होल्टच्या तुकड्यात २.४ मिलिज्यूल जातात, ६ पर्यंत चढणाऱ्या रिकाम्या कपॅसिटरमध्ये १.८, मिळून ४.२. खऱ्या कपॅसिटरची एनर्जी ४ वरून १० व्होल्टवर जाताना तेवढीच वाढते. मला तरी म्हणूनच सोर्स हा शब्द खटकत नाही.

विनू_डिप्लोमा: बेरीज जुळली मान्य, पण ते २.४ खऱ्या पार्टमध्ये वेगळे कुठे दाखवणार? मी ‘इनिशियल कंडिशनचं पद’ असंच म्हणणार.

मीटरवाले_काका: आणि ४ व्होल्ट उलट्या बाजूने असेल तर?

सर्किटवाली: मग −4/s, लूपमध्ये 14/s, पहिला करंट १.४ मिलिअँपिअर आणि Vc = 10 − 14e^(−t). पण काका, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बहुतेक इलेक्ट्रोलिटिक असतो, त्याला उलटे ४ व्होल्ट देऊन हे टेबलावर करू नका, कागदावरच ठेवा.