सीझनपुरती चहा-सिगारेट: ताणामुळे की सवयीमुळे?

यार्डातला_दिवाणजी: सांगली मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की दिवसाला दहा अर्धे चहा, सहा सिगारेटी, रात्री दोन पेग. सीझन संपला की आपोआप कमी होतं. मग याला सवय म्हणायचं का?

मिरजेचा_काका: चार दिवस वहीच्या मागच्या पानावर फक्त वेळ लिहा, आणि आधीच्या दहा मिनिटांत काय झालं तेवढं. समजा सिगारेटी 10, 11:45, 1:30, 3:15, 5 आणि 6:45 ला निघाल्या, आणि सौदा मात्र दुपारपर्यंत आटोपलेला. मग हे ताणाचं नाही, घड्याळाचं काम आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, चिडचिड सुरू होते. पुढची ओढली की ती थांबते, आणि आपण म्हणतो ताण गेला.

हमाल_कट्टा: काका, गाळ्यातल्या धुळीतून दहा मिनिटं बाहेर पडणं हीच खरी विश्रांती. टपरी बंद केली तर माणूस व्यापाऱ्याच्या अंगावर जाईल.

मिरजेचा_काका: विश्रांतीचं खरंय. म्हणून टपरीवर जाच, फक्त पेटवू नका. तरीही डोकं तडकलेलंच राहिलं तर कमी विश्रांतीची नव्हती.

विट्याची_ताई: मला चहानं पित्त होतं. गुळाचा चालेल का?

हमाल_कट्टा: ताई, गूळ घातला म्हणून पत्ती कमी होते होय! दादा, सिगारेट सोडा आणि त्या जागी चहा वाढवा, सोपं पडतं.

मिरजेचा_काका: इथंच माणसं फसतात. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहातलं कॅफीन लवकर निकालात काढतं. धूर थांबला की काही दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहाचं कॅफीन अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं. छातीत धडधड, हातांची थरथर, झोप नाही. माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यानं झालं, आणि तो परत पेटवतो. म्हणून सोडताना दहाचे पाच-सहा चहा करा. हे काम धुराचं, निकोटीनचं नव्हे. त्यामुळे निकोटीनची गोळी चघळली तरी चहा कमी करावाच लागतो.

कुपवाड_शिफ्ट: पेगचं कुणी बोललंच नाही. त्यानं डोळा लागतो, पण पहाटे तीनला उघडतो. सकाळचा पहिला चहा तिथूनच ठरतो.

मिरजेचा_काका: बरोबर. एक मात्र सांभाळा. रोज भरपूर घेणाऱ्याचे हात सकाळी थरथरत असतील, घाम येत असेल, तर दारू एकदम तोडू नये, फिट येऊ शकते. आधी डॉक्टर. तंबाखूसाठी 1800-11-2356 वर फुकट सल्ला मिळतो.

हमाल_कट्टा: सीझननंतर कमी होतं म्हणतोय ना तो? मग व्यसन कसलं?

मिरजेचा_काका: कमी म्हणजे सहाच्या किती? आणि उठल्यावर पहिली किती वेळानं? अर्ध्या तासाच्या आत असेल तर सीझनला दोष देऊ नका.

यार्डातला_दिवाणजी: तीन. पहिली दात घासायच्या आधी.

हमाल_कट्टा: तरी तीन म्हणजे निम्मीच की!