जेवताना तांब्याभर पाणी, मग पोट गच्च आणि गुडगुड: तुमचे अनुभव सांगा

मूळ प्रश्न माझा. सेलू तालुक्यात शेती आहे. उन्हाळ्यात दुपारी रानातून आलो की दोन जवारीच्या भाकरी, कोरड्यास, ठेचा आणि एका बैठकीत भरलेला तांब्या, म्हणजे लिटरभर पाणी. उठलो की पोट नगाऱ्यागत. मोटरसायकलवर बसलो की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो, मागं बसलेल्यालाही ऐकू जातो. रात्री तेवढंच जेवतो, पाणी कमी पितो, तेव्हा असं होत नाही. पोट बिघडलंय का पाण्याचाच खेळ आहे? ज्यांना असं होतं त्यांनी लिहा. औषधाची जाहिरात नको.

अंबाजोगाईचे गुरुजी (निवृत्त)
पेटत्या चुलीवर पाणी ओतलं तर काय होईल? जठराग्नी मंदावतो, अन्न तसंच पडून राहतं, कुजतं आणि वायू धरतो. आपल्या पूर्वजांनी पोटाचे चार भाग सांगितले: दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा. तुम्ही चौथा भागही भरून टाकताय. जेवताना घोट घोट प्या, बस्स.

सोनोग्राफीवाली, लातूर
गुरुजी, चार भागांचा हिशोब मला पटतो, अग्नी विझण्याचा नाही. मी रोज पोटंच बघते, म्हणून सांगते. रिकाम्या पोटी लिटरभर पाणी प्यायलेला माणूस अर्ध्या तासानं टेबलावर आला की जठरात बहुतेक वेळा निम्म्याहून कमीच पाणी उरलेलं असतं, बाकीचं पुढं आतड्यात गेलेलं. तोच माणूस जेवून आला असेल तर जठरात अन्नाचा लगदा, त्याच्या भोवती पाणी आणि वर हवा दिसते. त्या हवेमुळं मागचं स्वादुपिंड मला दिसतच नाही, म्हणून तर आम्ही उपाशी बोलावतो.

आम्लाचं म्हणाल तर ते एकदाच भरून ठेवलेलं नसतं. पाण्यानं थोडा वेळ पातळ होतं, पण जठर नवं सोडत राहतं. उलट भाकरी-डाळच त्याचा जोर पाण्यापेक्षा जास्त मारते. म्हणून अन्न कुजण्याची गोष्ट सोडून द्या, तिथं एवढा वेळ काही पडून राहत नाही.

मूळ प्रश्नाचा हिशोब जागेचा आहे. रिकामं जठर मुठीएवढं असतं. जेवायला लागलो की त्याचा वरचा भाग सैल पडतो आणि साधारण लिटर-दीड लिटर मावतं. तुमच्या दोन भाकरी आणि कोरड्यास मिळून अर्धा लिटर धरा. वरून लिटरभर पाणी आणि घोटाघोटाबरोबर गेलेली हवा. म्हणजे जागा संपली, भिंत ताणली गेली. तो ताणच तुम्हाला ‘गच्च’ म्हणून कळतो.

एकट्या पाण्यातलं अर्धं वीसेक मिनिटांत पुढं सरकतं. भाकरीचं तसं नसतं, ती आधी घुसळून बारीक व्हावी लागते, पहिला अर्धा तास तर जवळजवळ जागची हलत नाही. पाणी तिच्या बाजूनं निसटतं, पण जेवणात तेल किंवा शेंगदाण्याची चटणी भरपूर असेल तर आतडं जठराला ‘थांब’ म्हणतं आणि सगळंच रेंगाळतं. तेवढा वेळ वर हवा आणि खाली पाणी. त्यात तुम्ही खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटरसायकल घालता, मग आवाज नाही होणार तर काय?

परभणीकर (मूळ प्रश्नवाला)
ताई, म्हणजे आवाज जठरातला का आतड्यातला?

सोनोग्राफीवाली, लातूर
डुचमळ जठरातली, हललं की होणारी. हालचाल न करता बेंबीच्या आसपास गुर्र्र होतं ती आतड्यातली, पाणी आणि वायू अरुंद नळीतून ढकलले जातात तेव्हाची. पण बाहेरून ऐकून दर वेळी नक्की सांगता येईल असं मी म्हणणार नाही.

जालन्याची सून
मला वेगळंच होतं. रात्री अकराला पोट गुडगुडतं, तेव्हा पाणी प्यायलेलं नसतं, जेवण सातला झालेलं असतं. सासूबाई म्हणतात जंत. जंताची गोळी घेतली, आवाज तसाच.

सोनोग्राफीवाली, लातूर
हे उपाशीपोटीचं आहे, इथल्या प्रश्नाचं नाही. रिकामं पोट दर दीड-दोन तासांनी स्वतःला झाडून घेतं, तेव्हा असं वाजतं. दुखत नसेल, जुलाब नसतील तर राहू द्या.

धाब्यावरचा, धाराशिव
पाणी जास्त का जातं तेही बघा. ठेचा झोंबला की गडी ग्लासावर ग्लास रिचवतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं आग हटत नाही आणि पोट मात्र भरतं. मी गिऱ्हाइकाला आधी ताक किंवा दही देतो, नाहीतर कोरड्या भाकरीचा तुकडा चावायला लावतो. पाणी निम्म्यावर येतं. आणि वरून धार धरून गटागटा पिणाऱ्यांच्या ढेकरा तर बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतात. हवा जाते हो त्यात.

मजूर मुकादम, गेवराई
सगळं खरं, रिकाम्या पोटी पाणी लवकर सरकतं, पण म्हणून आमच्या मजुराला जेवायच्या आधी पाणी पिऊन वीस मिनिटं बसायला कोण देतो? बेचाळीस अंशाच्या उन्हात तहान मारून कमी प्या म्हणाल तर चक्कर येऊन पडेल.

परभणीकर (मूळ प्रश्नवाला)
कमी नाही, वाटून पितो आता. रानातून आलो की बैलांना पाणी दाखवतो, तेव्हाच उभ्या उभ्या निम्मा तांब्या. हातपाय धुऊन, जरा टेकून ताटावर बसेपर्यंत वीस मिनिटं निघून जातात. जेवताना एक छोटा पेला, तोही घास गिळायला लागला तर. उरलेलं तासाभरानं पुढं. भाकरी तेवढीच, ठेचाही तेवढाच. गच्चपणा बराच कमी झाला. गुडगुड मात्र थोडी आहेच.

मुकादम, गेवराई
बैलांना पाणी पाजायची वेळ आमच्याकडंही आहे म्हणा. बघतो सांगून.

हिंगोलीहून
माझ्या चुलत्यांची हकीकत वाचा, कारण ‘पाण्याचंच आहे’ म्हणत आम्ही महिने घालवले. त्यांचंही डुचमळायचं, पण सकाळी उठल्या उठल्या, रात्रभर काही खाल्लं नसताना. दोन घासांत पोट भरायचं, वजन उतरलं. शेवटी उलटी झाली, त्यात आदल्या दिवशीची भाजी ओळखू येत होती. दुर्बीण घातली तर जठराचं पुढचं तोंड जुन्या अल्सरच्या व्रणानं आवळलेलं निघालं.

सोनोग्राफीवाली, लातूर
हा फरक महत्त्वाचा. जेवल्यावर तास-दोन तास डुचमळणं साधं. जेवण-पाणी होऊन चार तास उलटले तरी पोट हलवल्यावर पाणी वाजत असेल तर दाखवायला हवं. वजन उतरतंय, उलटीत जुनं अन्न येतंय, शौच काळी होतेय, यातलं काहीही असलं तर वाट बघू नका. वर्षानुवर्षं साखरेचा आजार असलेल्यांचं जठरही मंद होऊ शकतं. त्यांनी औषधाच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच बदलाव्यात.

अंबाजोगाईचे गुरुजी (निवृत्त)
अग्नीवर मी ठाम आहे. माठाचं पाणी आणि फ्रिजचं पाणी यांत पोटाला फरक पडतो की नाही, ते सांगा.

नांदेडचा पोरगा, होस्टेल
मला फ्रिजच्या पाण्यानं जास्त गच्च वाटतं. रूममेटला काहीच होत नाही. पण मी गार असलं की जास्तच पितो, त्यामुळं गारव्याचा दोष का मापाचा, कळत नाही.

परभणीकर (मूळ प्रश्नवाला)
मग एकदा दोन्ही पाणी एकाच मापाच्या पेल्यानं पिऊन बघ आणि लिही. गुरुजी, तुम्हीही माठाच्या पाण्यावर बघा. धागा उघडाच ठेवतो.