कार्ड बदललं आणि गाणी गेली

> मेमरी कार्ड जुन्या फोनमधून काढून नव्यात घातलं. जागा भरलेली दिसते, पण स्पॉटिफायमध्ये एकही डाउनलोड नाही. कार्ड गेलं का?

असं झालं तर कार्ड लगेच फेकू नका. त्यावरची स्वतःची एखादी एमपीथ्री वाजवून बघा. ती नीट वाजली तर कार्ड बहुधा ठणठणीत आहे. अ‍ॅपची गाणी कार्डावर कुलूपबंद असतात आणि किल्ली जुन्या फोनच्या आतल्या मेमरीत राहते. त्यामुळे फायली कॉपी करून उपयोग शून्य, गाणी पुन्हा उतरवावीच लागतात. आधी कार्ड रीडरने संगणकाला जोडून `Android/data/com.spotify.music` हा फोल्डर उडवा, नाहीतर ती मेलेली गाणी जागा अडवून बसतील. (नव्या अँड्रॉइडमध्ये फोनवरून हा फोल्डर सहसा उघडत नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.) मग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये साठवणीसाठी कार्ड निवडा.

आणखी एक. डाउनलोड एका खात्यावर पाचच उपकरणांत राहतात. सहाव्यावर उतरवलंत की सर्वात जास्त दिवस न वापरलेल्या उपकरणावरची गाणी गुपचूप जातात. घरातला जुना टॅब रिकामा झाला तर कार्डाला दोष देऊ नका.